उजेडाचा सांधा

महाराष्ट्रातल्या गावठाणांची ड्रोनने मोजणी करण्याचा पहिला प्रयोग पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात झाला. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली आणि सर्व्हे ऑफ इंडिया व भूमी अभिलेख विभाग यांच्यामार्फत ही मोजणी गावोगाव पोहोचली. उड्डाणाआधी गावकरी आपापल्या मिळकतीच्या हद्दी चुन्याने आखून ठेवतात. ड्रोन वरून फोटो घेतो, त्यांतून गावठाणाची एकसंध प्रतिमा तयार होते आणि तिच्यावर त्या पांढऱ्या रेघा पाहून नकाशा काढला जातो. मिळकत पत्रिकेचा पाया हाच.

हातात येते ती प्रतिमा एकच असते, पण ती एका फोटोत मावलेली नसते. ड्रोन शंभरेक मीटर उंचीवरून ओळीत जातो, वळतो, शेजारच्या ओळीने परत येतो. प्रत्येक फोटोचा बराचसा भाग पुढच्या फोटोत पुन्हा येईल अशा बेताने तो फोटो घेतो. एका ओळीतल्या लागोपाठच्या फोटोंत साधारण ७५ ते ८० टक्के भाग सारखा असतो, शेजारच्या ओळींमध्ये ६० ते ७० टक्के. बॅटरी संपली की ड्रोन खाली येतो, बॅटरी बदलतो आणि पुन्हा उडतो. दरम्यान सूर्य सरकलेला असतो, एखादा पातळ ढग आलेला असतो. असे शेकडो तुकडे जमिनीवर नेमके बसवून एकमेकांना जोडले की मोझॅक तयार होतो. जोड नीट झाला नाही, तर गावाच्या मधोमध एक सरळ रेघ उमटते. तिच्या अलीकडे मारुतीच्या देवळासमोरचं पटांगण उजळ, पलीकडे तेच पटांगण काळपट.

ही रेघ दिसायला वाईट दिसते, पण तिचा खरा उपद्रव वेगळा आहे. नकाशा काढणारा माणूस पडद्यावर उजेड-अंधाराच्या सीमा पाहूनच भिंत, कुंपण आणि चुन्याची रेघ ओळखतो. तिथे जमिनीवर नसलेली एक सीमा मध्येच घुसली, तर ती एखाद्या हद्दीसारखी भासू शकते. उलट ती घालवण्याच्या नादात खरी रेघच पुसली जाण्याचाही धोका असतो. म्हणून हा सांधा घालवायचा कसा, हे थोडं सावकाश समजून घेऊ.

कागदी फोटोंच्या जमान्यात हे काम हाताने चाले. हवाई फोटोंच्या प्रती कापण्याऐवजी फाडत, फाडलेली कड मागच्या बाजूने पॉलिश पेपरने घासून पातळ करत आणि एकावर एक चिकटवत, म्हणजे कडेची सावली पडत नसे. छपाई करताना एक प्रत जास्त उजळ आणि दुसरी कमी उजळ काढून छटा जुळवत. आज हे सगळं आकड्यांवर होतं, पण कामांचा क्रम तोच राहिला आहे. आधी जागा जुळवायची, मग छटा, आणि कड विरवायची ती सगळ्यात शेवटी. माझ्या मते या कामातले बहुतेक घोटाळे हा क्रम उलटा केल्याने होतात. कड विरवणं सोपं असतं आणि निकाल लगेच दिसतो, म्हणून लोक तिथूनच सुरुवात करतात.

जागा जुळवण्याबद्दल थोडक्यात सांगतो. प्रत्येक फोटोत ठळक खुणा शोधायच्या, त्याच खुणा शेजारच्या फोटोत ओळखायच्या, त्यावरून कॅमेरा नेमका कुठे आणि किती कललेला होता ते काढायचं आणि मग जमिनीच्या उंचसखलपणाचा हिशेब धरून फोटो सपाट नकाशावर उतरवायचा. यात एक गोष्ट उरतेच. कॅमेऱ्याच्या बरोबर खाली नसलेली उंच वस्तू फोटोत बाहेरच्या बाजूला झुकते. १०० मीटर उंचीवरच्या ड्रोनपासून आडवं ४० मीटर दूर असलेल्या ६ मीटर उंच घराचं छप्पर जवळपास अडीच मीटर बाहेर सरकलेलं दिसतं. फोटो उतरवताना फक्त जमिनीची उंची धरली आणि घरांची धरली नाही, तर हा झुकाव मोझॅकमध्येही राहतो. एका फोटोत घर पूर्वेला झुकतं, शेजारच्यात पश्चिमेला. कड विरवायची वेळ येईल तेव्हा हे पुन्हा लागेल.

आता छटेकडे वळू. दोन फोटोंत तीच जमीन वेगळी उजळ का दिसते? एक कारण कॅमेऱ्यात आहे. भिंगाच्या कडेला मध्यापेक्षा कमी उजेड पोहोचतो. साध्या भिंगाच्या गणितात मध्यापासून ३० अंशांवर पडणारा उजेड मध्याच्या तुलनेत ५६ टक्केच भरतो. दुसरं कारण सूर्यात आहे. सूर्य बरोबर पाठीशी असतो त्या दिशेला पाहिलं, तर प्रत्येक ढेकळाची, प्रत्येक पानाची सावली त्याच्याच मागे दडते, आणि फोटोत तेवढाच भाग जास्त उजळ दिसतो. तिसरं कारण आपणच ओढवून घेतो. कॅमेरा स्वयंचलित ठेवला, तर पांढरा पत्रा समोर आला की तो उजेड कमी घेतो आणि काळी माती आली की जास्त. त्यामुळे शेजारचे दोन फोटो एका सेकंदाच्या अंतराने घेतले असले तरी जुळत नाहीत. म्हणून उड्डाणाआधी शटर, आयएसओ आणि रंगांचा समतोल कुलूपबंद करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. तेवढ्याने पुढचं निम्मं काम हलकं होतं.

पहिली दोन कारणं एकाच फोटोच्या आत असमानता निर्माण करतात, आणि ती आधीच काढावी लागते. ती आहे की नाही हे कळायला एक सुरेख चाचणी आहे. एका उड्डाणातल्या, जमिनीवर बसवण्याआधीच्या सगळ्या फोटोंची सरासरी काढायची. म्हणजे शेकडो फोटो एकावर एक ठेवून प्रत्येक ठिकाणचा सरासरी उजेड पाहायचा. घरं, झाडं, रस्ते प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी असल्याने ते सरासरीत विरघळतात. उरतो तो कॅमेऱ्याचा आणि सूर्याचा ठसा. कोपरे काळे पडलेले दिसले तर दोष भिंगाचा आहे. एका बाजूला उजळ डाग दिसला तर तो सूर्याचा. याच सरासरी फोटोने प्रत्येक फोटोला भागलं की तो ठसा बराचसा निघून जातो.

इतकं झालं की फोटोफोटोंमधला, उड्डाणाउड्डाणांमधला फरक उरतो. एक उदाहरण घेऊन तो सोडवू. आकडे मी सोयीचे घेतले आहेत, पण प्रत्यक्षातही असेच येतात. ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे कॅमेऱ्याला नोंदवता येईल तो सर्वांत उजळ पांढरा. तुकडा अ हा निरभ्र उन्हातला, तुकडा ब पातळ ढगाखालचा. दोघांच्या सामाईक पट्ट्यात जमीन तीच आहे, म्हणून फरक मोजायची जागा तीच. तिथे अ ची सरासरी १२० आणि चढउतार, म्हणजे गणितातलं प्रमाण विचलन, ३० येतं. ब ची सरासरी ९०, चढउतार २४. ढगाने दोन गोष्टी केल्या: प्रतिमा काळवंडली आणि तिच्यातला गडद-फिकटपणाचा फरकही दबला.

ब ला अ सारखं करायचं, तर आधी चढउतार जुळवायचा. ३० भागिले २४ म्हणजे १.२५. मग सरासरी. ९० गुणिले १.२५ म्हणजे ११२.५, हवे १२०, म्हणून वर ७.५ मिळवायचे. ब मधल्या प्रत्येक ठिपक्याला १.२५ ने गुणून ७.५ मिळवले की सामाईक पट्ट्यात दोन्ही तुकडे जुळतात. लाल, हिरवा, निळा या तिन्ही रंगांसाठी हा हिशेब वेगवेगळा करतात, कारण ढगाने आणि धुरळ्याने तिन्ही सारखे बदलत नाहीत. सरासरी आणि चढउतारच का घ्यायचा, ठिपक्याला ठिपका का जुळवायचा नाही? जागेत पाच-दहा सेंटिमीटरची चूक राहिली तर ठिपके चुकीच्या ठिपक्यांशी जुळतात. सरासरीला तेवढ्याने फारसा धक्का बसत नाही.

आता ब मधल्या एका अंगणाकडे पाहू. सिमेंटच्या कोब्याचा आकडा १९८ आहे आणि त्यावर आखलेल्या चुन्याच्या रेघेचा २१२. रेघ १४ ने उजळ, म्हणून डोळ्याला दिसते. आपला हिशेब लावला की कोबा होतो २५५. चुना व्हायला हवा २७२.५, पण पट्टी २५५ लाच संपते, म्हणून तोही २५५. रेघ गेली. सांधा सुबक मिटला आणि ज्या रेघेसाठी ड्रोन उडवला तीच मिटली.

यावर उपाय असा की एकाने दुसऱ्याच्या जागी जायचं नाही, दोघांनी मध्ये यायचं. दोघांचं लक्ष्य सरासरी १०५ आणि चढउतार २७ धरू. अ ला ०.९ ने गुणून ३ वजा करायचे, ब ला १.१२५ ने गुणून ३.७५ मिळवायचे. आता कोबा २२६.५ वर येतो आणि चुना २४२.२५ वर. रेघ वाचली, उलट जराशी ठळकच झाली. शिवाय मूळ फोटोत जे ठिपके आधीच २५५ ला टेकलेले असतात, ते सरासरी काढताना वगळावे लागतात. तिथे खरा उजेड किती होता हे कॅमेऱ्याने नोंदवलेलंच नसतं. खाडीच्या किंवा तळ्याच्या पाण्यावर एका फोटोत सूर्य चमकतो आणि दुसऱ्यात नाही, ते पाणीही वगळायचं. कोकणातल्या किनाऱ्याच्या गावांत हे विसरलं, तर एका चमकत्या पट्ट्यापायी अख्खी वाडी अंधारात जाते.

दोन तुकड्यांचं झालं. वीस तुकडे असतील तर? सरळ वाटतं की ब ला अ शी जुळवू, क ला ब शी, ड ला क शी, असं पुढे जात राहू. इथे मोठा घात आहे. समजा सूर्याचा ठसा पुरता निघाला नाही आणि प्रत्येक तुकड्याची डावी कड दोन टक्के जास्त उजळ राहिली. मग प्रत्येक जोडात नवा तुकडा आहे त्यापेक्षा उजळ वाटतो आणि आपण त्याला दोन टक्के खाली ओढतो. विसाव्या जोडापर्यंत उजेड मूळच्या जेमतेम दोन तृतीयांश उरतो. एकही सांधा दिसत नाही, आणि तरी गावाचं एक टोक दुपारचं आणि दुसरं संध्याकाळचं वाटतं. भिंत रचताना प्रत्येक वीट फक्त खालच्या विटेशी जुळवली आणि ओळंबा लावलाच नाही, तर भिंत जशी कलते, तसं हे. चूक कधी इकडे, कधी तिकडे असेल तर टोकाचा कल कमी येतो, पण मग शेजारच्या दोन ओळी वेगवेगळ्या वाटांनी भरकटतात आणि त्यांच्यामध्ये नवी रेघ उभी राहते.

म्हणून सगळ्या तुकड्यांचा हिशेब एकदम मांडतात. प्रत्येक तुकड्याचा गुणक हा अज्ञात. प्रत्येक सामाईक पट्टा एक मागणी करतो की माझ्या दोन बाजू सारख्या करा. सगळ्या मागण्या एकाच वेळी पुऱ्या होत नाहीत, म्हणून उरलेल्या फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी होईल असे गुणक शोधायचे. सगळे गुणक शून्य केले की संपूर्ण मोझॅक काळाकुट्ट होतो आणि फरक कुठेच उरत नाही. गणिताच्या दृष्टीने हे उत्तर अगदी बिनचूक! ते टाळायला आणखी एक अट घालावी लागते. मॅथ्यू ब्राऊन आणि डेव्हिड लो यांनी २००७ मध्ये फोटो जोडून रुंद देखावा बनवण्याची जी पद्धत प्रसिद्ध केली, तिच्यात ही अट स्वच्छ मांडलेली आहे: गुणक १ पासून जितका दूर जाईल तितका दंड. हाच इथला ओळंबा. एकाच दिशेने साचत जाणाऱ्या चुकीला सामाईक पट्टे अडवत नाहीत, कारण ती त्यांना दिसतच नाही. ही अट मात्र तिला आवर घालते.

हे सगळं हाताने करावं लागत नाही. ऑर्फिओ टूलबॉक्स हे मोफत सॉफ्टवेअर जागेवर बसवलेल्या तुकड्यांसाठी एकाच आज्ञेत उजेड जुळवून मोझॅक करून देतं:

```
otbcli_Mosaic -il a.tif b.tif c.tif d.tif \
  -harmo.method band -harmo.cost rmse \
  -comp.feather slim -comp.feather.slim.length 2 \
  -out mosaic.tif uint8
```

यातली `harmo` ची ओळ उजेडाची आहे, प्रत्येक रंग वेगळा धरून जुळवा असं ती सांगते. `feather` ची ओळ कड विरवण्याची. नकाशाचं एकक मीटर असेल तर हे २ म्हणजे २ मीटर. पहिली ओळ गाळून फक्त दुसरी ठेवली तर काय होतं, हे एकदा करून पाहण्यासारखं आहे. रेघ जाते आणि तिच्या जागी उजळाकडून काळपटाकडे उतरणारा दोन मीटरांचा उतार येतो. तो घालवायला पट्टा वाढवत पन्नास मीटर केला की उतार डोळ्याला दिसेनासा होतो, पण मग त्या पन्नास मीटरांतली प्रत्येक वस्तू दोन फोटोंची भेसळ बनते. मघाचं झुकलेलं घर आठवा. एका फोटोत पूर्वेला आणि दुसऱ्यात पश्चिमेला झुकलेलं ते छप्पर आता दोनदा, अर्धपारदर्शक दिसतं. भिंत कुठली धरायची, याचं उत्तर अशा प्रतिमेत मिळत नाही.

म्हणून उजेड आधी जुळवायचा, म्हणजे विरवायला फार काही उरत नाही, आणि पट्टा अरुंद ठेवता येतो. दुसरं म्हणजे जोडाची वाट शहाणपणाने निवडायची. तुकड्याच्या कडेने सरळ कापत जाण्यापेक्षा दोन फोटो जिथे एकसारखे दिसतात तिथून कापायचं. सामाईक पट्ट्यातल्या प्रत्येक ठिपक्याला, दोन फोटोंत तिथे किती फरक आहे, तेवढी किंमत द्यायची आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सर्वांत स्वस्त वाट शोधायची. रस्त्यांच्या जाळ्यात जवळची वाट शोधणारी, एड्स्गर डाइक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये मांडलेली रीत इथे कामी येते. अशी वाट आपोआप मोकळी पटांगणं, रस्ते, पडीक जमीन पकडून जाते आणि घरांना वळसा घालते. एका फोटोत उभी असलेली आणि दुसऱ्यात निघून गेलेली बैलगाडी असेल, तर तिथे किंमत चढते आणि वाट तिला टाळते. गाडी पूर्ण दिसते किंवा दिसतच नाही, अर्धी कापलेली राहत नाही. दाट गावठाणात घराला घर लागून असतं, तिथे मात्र स्वस्त वाट सापडतच नाही. अशा ठिकाणी जोड हाताने काढावा, नाहीतर घरांची उंची धरून फोटो पुन्हा उतरवावेत.

कड विरवण्याचीही एक हुशार पद्धत आहे. पीटर बर्ट आणि एडवर्ड अॅडेलसन यांनी ती १९८३ मध्ये मांडली. प्रतिमा वेगवेगळ्या थरांत फोडायची, म्हणजे एका थरात संथ, रुंद छटा आणि दुसऱ्यात बारीक तपशील. रुंद छटा रुंद पट्ट्यात मिसळायच्या, तपशील अगदी अरुंद पट्ट्यात. उजेड लांबून हळूहळू बदलतो आणि भिंतीची कड मात्र दुहेरी होत नाही. गावठाणाच्या कामात एवढा खटाटोप दर वेळी लागतोच असं नाही, पण ढगांच्या दिवशी उडवलेल्या कामाला ती वाचवते.

काम बरं झालं की नाही हे कसं ओळखायचं? मोझॅक मोठा करून पाहू नये, लहान करून पाहावा. सगळं गाव तळहाताएवढं दिसेल इतका आकसायचा आणि छटांमधला फरक मुद्दाम ताणायचा. जवळून न दिसलेले सांधे आणि उतार तेव्हा डोळ्यांत भरतात. सरळ रेघ दिसली तर ती तुकड्याच्या कडेवर पडते का ते पाहायचं. पडत असेल तर दोष जोडाचा, नसेल तर ती बहुधा खरी भिंत किंवा रस्ता. मग तिन्ही रंग वेगळे करून पाहायचे. रेघ फक्त निळ्यात उरली असेल तर संशय धुरळ्यावर, कारण धुरळा निळ्याला सर्वांत जास्त बिघडवतो.

ढगाची सावली मात्र या सगळ्याला पुरून उरते. तुकड्याच्या अर्ध्या भागावर सावली असेल, तर एका गुणकाने काम भागत नाही. सावलीतला भाग उजळवावा तर उन्हातला पांढरा फटक पडतो. तिथे शक्य असेल तर पुन्हा उडणं हेच बरं. आणि ज्या प्रतिमेवरून पिकाचं आरोग्य मोजायचं आहे, तिथे हा सगळा उद्योग वापरूच नये. आपण जुळवलेले आकडे एकमेकांशी जुळतात, पण पानाने प्रत्यक्षात किती उजेड परत फेकला हे ते सांगत नाहीत. त्यासाठी उड्डाणाआधी आणि नंतर, माहीत असलेल्या करड्या रंगाच्या फळीचा फोटो घेऊन त्या फळीच्या आधारे आकडे ठरवावे लागतात.

आणखी एक काम बहुतेक वेळा राहून जातं, आणि माझा आग्रह त्यासाठी आहे. मोझॅकबरोबर जोडांच्या वाटांची फाइल द्यावी: कुठला भाग कुठल्या फोटोतून आला, तो फोटो किती वाजता घेतला, त्याला कोणता गुणक लावला. सांधा डोळ्यांआड करणं ठीक आहे, त्याची नोंद पुसणं ठीक नाही. चौकशीच्या वेळी दोन शेजारी एका भिंतीवरून अडले, तर भूमापकाला ती भिंत मोझॅकमध्ये न पाहता मूळ फोटोत, आणि तिच्यावर सर्वांत सरळ खाली पाहणाऱ्या फोटोत, पाहता यायला हवी. ही फाइल मोझॅकच्या मानाने अगदी लहान असते.